कापसाच्या बोंडांची सजावट

गेल्या वर्षी १ जानेवारीच्या सकाळी चहा घेता घेता मी आमच्या कॉलनीच्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमाचे फोटो पाहत बसले होते. एकशे चौदा फोटो होते. सोनेरी चकचकीत पडद्यासमोर सोळा घरांतली मुले, मुली, जावा, भाऊ, शेजारी असे सगळे एकेकदा नव्हे, चार-चारदा उभे राहिलेले दिसत होते. बघता बघता माझ्या लक्षात आले, की आमच्या घरातल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यातल्या एकाही फोटोत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. बाहत्तराव्या फोटोच्या अगदी कडेला, धुण्याच्या यंत्राच्या शेजारी, त्यांच्या हिरव्या लुगड्याचा पदर आणि एक कोपर दिसले. बाकी त्या चौकटीबाहेर होत्या. कार्यक्रमाला मात्र त्या पूर्ण वेळ गच्चीवर होत्या, हे मला पक्के आठवत होते.

मी त्यांना विचारले, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. 'तठे माले कशाले उभं करतीस, माय?' एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रुसलेला नव्हता आणि तक्रारीचाही नव्हता. त्या सोनेरी पडद्यासमोर त्यांचे काही काम आहे, असे त्यांना वाटलेच नव्हते.

तो कोपर मला वर्षभर दिसत राहिला.

गेल्या वर्षीची सजावट मीच केली होती, म्हणून ते अधिकच लागले. धुळ्यातल्या पाच कंदील भागातून मी तयार संच आणला होता. त्यात सोनेरी झुरमुळ्यांचा पडदा, काळे आणि सोनेरी फुगे आणि इंग्रजी अक्षरांची माळ होती. पडदा तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच होता. एकटी व्यक्ती त्यासमोर उभी राहिली तर ठीक दिसत असे, पण तिघे उभे राहिले की दोन्ही बाजूंनी पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे आणि ते यंत्र फोटोत येत असे. याहून मोठा दोष उजेडाचा होता. दिवा जिन्याच्या खोलीच्या दारावर, म्हणजे लोकांच्या डोक्याच्या वर होता, त्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडली. शिवाय पडदा चकाकत असल्यामुळे फोनच्या कॅमेऱ्याला समोर खूप प्रकाश आहे असे वाटून तो सगळेच चित्र गडद करत होता. पडदा झगमगलेला आणि माणसे काळवंडलेली, असे बहुतेक फोटो निघाले. त्या दिवशी मला वाटले होते की फोन जुना आहे, म्हणून तसे होते.

यंदा नोव्हेंबरमध्ये सजावटीचे काम पुन्हा माझ्याकडे आले. कॉलनीच्या वर्गणीतून फक्त एक हजार रुपये मिळणार होते, कारण बाकीचे पैसे भरिताच्या पार्टीला लागणार होते, आणि आमच्याकडे डिसेंबर म्हटले की भरिताच्या पैशात कोणी कपात करू देत नाही. विषय काय ठेवावा, हे मला सुचत नव्हते. त्याच आठवड्यात आईंच्या माहेरी, पारोळ्याच्या बाजूला, आम्ही एका लग्नाला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती. मी गाडीच्या काचेतून पाहत होते आणि मनात फुग्यांचा हिशेब चालू होता, म्हणूनच असेल कदाचित, पण एका झाडावरचे पूर्ण उमललेले बोंड पाहिले आणि मला चार फुग्यांचा झुबका दिसला. फुगेवाले कमान करताना चार-चार फुगे देठाशी एकत्र बांधून जो झुबका करतात, तो पांढऱ्या फुग्यांचा केला तर ते बोंडच होते.

तिथेच विषय ठरला. पांढरा रंग, वाळलेल्या बोंडाच्या कवचाचा तपकिरी रंग, आणि कापसाच्या फुलाचे दोन रंग. कापसाचे फूल उमलते तेव्हा फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे कपाशीच्या शेताशेजारी राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. रंग एवढेच ठेवले, की बाकी काहीही मिसळायचे नाही. स्वस्तात केलेली सजावट स्वस्त दिसते ती बहुधा रंगांच्या गर्दीमुळे दिसते, असे माझे मत गेल्या वर्षीच्या फोटोंनी पक्के केले होते.

खरेदी एका संध्याकाळी झाली. दहा इंची साध्या पांढऱ्या फुग्यांची शंभराची पिशवी १८० रुपये, पाच इंची फुग्यांची शंभराची पिशवी ११०, हातपंप १२०, क्रेप कागदाच्या चार घड्या ८०, फुगे अडकवण्याची भोकांची प्लॅस्टिकची पट्टी ४०, कागदी चिकटपट्टीची दोन रिळे ७० आणि बारा वॅटचे एकाच पांढऱ्या रंगाचे दोन बल्ब २२०. एकूण ८२० रुपये झाले. दुकानदाराने मोत्यासारखे चमकणारे फुगे पुढे केले होते आणि ते सुंदरही होते, पण कापूस चमकत नाही, म्हणून मी साधेच घेतले. होल्डर आणि वायर घरात होत्या. पऱ्हाटी, म्हणजे वेचणी संपल्यावर उपटलेली कपाशीची वाळकी झाडे, आईंच्या भाच्याने देऊ केली. देताना त्याने एक अट घातली. ही झाडे गच्चीवर महिनाभर ठेवायची नाहीत, कार्यक्रम झाला की लगेच जाळायची किंवा बारीक करून टाकायची. उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच पुन्हा शेतात शिरते, म्हणून पऱ्हाटी साठवू नका असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. त्याने स्वतः एकेक झाड हातात घेऊन न उमललेली, किडकी बोंडे तोडून बाजूला केली आणि मगच गाडीत ठेवू दिले.

फुग्यांचे काम मला येते असे मी समजत होते. ते किती कमी येते, हे २९ डिसेंबरला कळले. त्या दिवशी रंगीत तालीम म्हणून मी सकाळी दहा वाजता गच्चीवर वीस फुगे फुगवून चार-चारचे पाच झुबके बांधले आणि कठड्याला टांगले. धुळ्यात डिसेंबरच्या सकाळी हातमोजे घालावेसे वाटतात आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो, एवढा फरक असतो. गार हवेत तट्ट फुगवलेले ते फुगे दुपारच्या उन्हात आणखी ताणले गेले, कारण आतली हवा तापली की ती जागा मागते आणि रबराला आधीच ताणायला वाव उरलेला नव्हता. दोन वाजेपर्यंत सहा फुटले. दोन तर कठड्याच्या खरबरीत गिलाव्याला नुसते घासून गेले. जे उरले त्यांचे रूप बदलले होते. सकाळी गुळगुळीत असलेला फुगा दुपारी धुरकट, मखमलीसारखा झाला होता. फुग्याचे रबर हे झाडाच्या चिकापासून केलेले असते आणि ऊन व हवा लागली की त्याचा पृष्ठभाग काही तासांत असा मंद पडतो. फुगा त्याने फुटत नाही, पण त्याचा ताजेपणा निघून जातो.

त्या तालमीतली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. पांढरा फुगा पूर्ण फुगवला, की तो पांढरा राहत नाही. रबर पातळ होते, रंग पसरतो आणि फुगा पातळ दुधासारखा, अर्धवट आरपार दिसू लागतो. तोच दहा इंची फुगा सात इंचांपर्यंत फुगवला, तर दाट, शुभ्र आणि किंचित मऊ राहतो. कापसाला नेमके तेच हवे होते. शिवाय कमी फुगवलेल्या फुग्याचे देठ लांब राहते, त्यामुळे गाठ मारताना बोटे सोलत नाहीत. जास्त हवा भरली आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. फुगा देठाकडे निमुळता होऊन पेरूसारखा दिसू लागला की हवा जास्त झाली, आणि तो गोल दिसतो तोवर ती बेताची आहे.

सगळे फुगे सारख्या मापाचे व्हावेत म्हणून शेजारच्या आठवीतल्या मुलीने बिस्किटांच्या खोक्याला सात इंचांचे गोल भोक कापून दिले. पंपाने फुगा थोडा जास्त भरायचा, भोकात धरायचा आणि कडेला नुसता टेकेपर्यंत हवा सोडायची. डोळ्यांच्या अंदाजाने केलेले फुगे हातात असताना सारखेच वाटतात, पण झुबक्यात एकमेकांशेजारी आले की त्यांच्यातली लहानमोठी अंतरे लगेच उघडी पडतात. ती मुलगी दोन तास एकटी हे काम करत होती आणि एकदाही कंटाळली नाही. हवा सोडताना फुगा जो बारीक आवाज करतो, त्यावरून माप आले की नाही हे तिला शेवटी शेवटी न पाहता कळू लागले होते.

३० तारखेच्या संध्याकाळी घरात बसून आम्ही पहिले बोंड बांधले. दोन फुग्यांची देठे एकमेकांना गाठ मारून एक जोडी केली, तशीच दुसरी जोडी केली, दोन्ही जोड्या एकमेकींवर फुलीसारख्या ठेवल्या आणि समोरासमोरच्या दोन फुग्यांना पीळ देऊन घट्ट बसवले. आई दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. त्या आत आल्या, खाली बसल्या आणि बोंड हातात घेऊन फिरवून पाहू लागल्या.

'बोंड आसं नही ऱ्हास,' त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदराच्या टोकाने माझ्यासमोर जमिनीवर बोंड काढून दाखवले. चार पाकळ्यांचे बोंड असते, पण भरलेल्या झाडाच्या चांगल्या बोंडाला पाच पाकळ्या असतात, असे त्या म्हणाल्या. लग्नाच्या आधी त्या किती वर्षे वेचणीला जात होत्या, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. बोंडाच्या वाळलेल्या कवचाची टोके सुईसारखी असतात आणि वेचताना नखांच्या कडेला रुततात, म्हणून पाकळी पाचही बोटांनी एकदम उपसायची, एकेक ओढायची नाही. कवचाचा वाळका कचरा कापसात आला की मापाच्या वेळी बोलणी खावी लागत. सकाळचे दव अंगावर असलेला कापूस वेचायचा नाही, ऊन चढू द्यायचे. हे सारे त्या फुग्यांचा झुबका मांडीवर ठेवून सांगत होत्या आणि त्यांचा हात त्यावरून असा फिरत होता, जणू त्यातले काही वेचून घ्यायचे आहे.

पाच फुग्यांचे बोंड कसे बांधायचे, हे मग आम्ही दोघींनी मिळून शोधले. एक जोडी तशीच ठेवायची. दुसऱ्या जोडीच्या गाठीवर पाचव्या फुग्याचे देठ गुंडाळून तिळे करायचे. जोडी आणि तिळे एकमेकांत पिळले, की पाच फुगे आपोआप गोल बसतात आणि मध्ये फट राहत नाही. मागे लावायचे कवच क्रेप कागदाचे केले. तपकिरी कागदाचा हातभर तुकडा पाच टोकांच्या चांदणीसारखा कापायचा आणि मध्यभागी दोन्ही अंगठे दाबून हलकेच बाजूंना ताणायचा. क्रेपच्या सुरकुत्या उलगडतात आणि सपाट कागद वाटीसारखा खोलगट होतो. त्या वाटीत फुग्यांची गाठ बसवली आणि टोके बाहेर मुरडली, तेव्हा आईंनी मान हलवली. अशी बारा मोठी बोंडे झाली, म्हणजे साठ फुगे लागले. पाच इंची फुगे साडेतीन इंचांपर्यंत भरून पऱ्हाटीवर लावायची पंधरा लहान बोंडे मात्र चार-चारचीच केली, कारण लहान फुग्यांचे तिळे बांधताना देठे तुटत होती. आईंना ते चालले. झाडाच्या शेंड्याची बोंडे लहानच असतात, असे त्या म्हणाल्या.

कागदाच्या पट्ट्यांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण गेल्या वर्षी त्याही मध्यरात्रीपर्यंत लोंबकळून खाली आल्या होत्या. क्रेपची घडी न उलगडता तिच्या आडव्या बाजूने दोन बोटे रुंदीचे काप घेतले, की प्रत्येक काप उलगडून एक लांब पट्टी मिळते. अशा पट्ट्या टांगताना हात आपोआप त्या ताणतो, कारण ताणलेली पट्टी सरळ आणि नेटकी दिसते. तीच चूक असते. क्रेपमधली सुरकुती म्हणजे त्याचा जीव आहे. ती टांगतानाच संपवली, की रात्रीच्या गारव्यात कागद ओलसर झाल्यावर पट्टी आणखी लांब होते आणि परत आकसत नाही. म्हणून यंदा एक पिवळी आणि एक गुलाबी पट्टी एकत्र धरून हाताच्या अंतरावर एक असा सैल पीळ दिला आणि दोन टोकांच्या मध्ये वीतभर झोल ठेवून ती बांधली. गुलाबी कागद ओल्या हाताने धरला की रंग सोडतो, हे तालमीत चादरीला लागलेल्या डागाने शिकवले, म्हणून सगळ्या पट्ट्या मुलांच्या हाताच्या वर, सात फुटांवर गेल्या.

आता फोटोच्या कोपऱ्याविषयी. माझे सगळे वर्षभराचे मन त्यात होते.

जिन्याच्या खोलीची भिंत चुन्याची आहे आणि तिच्यावर चिकटपट्टी टिकत नाही. पट्टी दाबून काढली की तिच्या मागे पांढरी भुकटी येते, आणि ज्या भिंतीची अशी भुकटी येते तिच्यावर काहीही चिकटवण्यात वेळ घालवू नये, हे मी गेल्या वर्षीच शिकले होते. म्हणून भिंतीच्या एक हात पुढे दोन पाइपांना दोरी ताणून बांधली आणि तिच्यावर आठ फूट रुंदीची जुनी पिवळसर चादर, इस्त्री करून, टाकली. चादरीच्या खालच्या काठात बांबूची काठी ओवली, त्यामुळे वाऱ्याने ती फुगत नव्हती. रुंदी आठ फूट ठेवली, कारण सहा माणसांचे कुटुंब खांद्याला खांदा लावून उभे राहिले तरी कडेला काही दिसू नये. पऱ्हाटीची झाडे विटांच्या मध्ये रोवून डाव्या बाजूला उंच आणि उजवीकडे ठेंगणी अशी लावली. त्यांची टोके फुगे फोडतात, म्हणून जिथे बोंड बसवायचे त्या प्रत्येक फांदीच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. तरीही तीन फुगे गेले. मोठी बोंडे भोकांच्या पट्टीत अडकवून ती चादरीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उतरत आणली. मध्यभाग पूर्ण मोकळा ठेवला. तिथे माणसे उभी राहणार होती आणि डोक्यामागे बोंडे आली असती, तर ती केसांतून उगवल्यासारखी दिसली असती.

दोन बल्ब चादरीच्या समोर, डाव्या-उजव्या बाजूंना, आठ फुटांवर, डोळ्यांच्या पातळीच्या थोडे वर ठेवले. ते थेट माणसांवर रोखले नाहीत. भिंतीच्या कॅलेंडरची दोन मोठी पाने उलटी करून पुठ्ठ्यावर लावली, बल्ब त्यांच्याकडे वळवले आणि कागदावरून परतलेला उजेड माणसांवर पडू दिला. उजेड थोडा कमी झाला, पण मऊ झाला आणि नाकाखालची सावली गेली. दारावरचा जुना पिवळा दिवा बंद केला, कारण दोन रंगांचे दिवे एकत्र असले की एक गाल निळसर आणि दुसरा हळदीसारखा दिसतो. उभे राहायची जागा चादरीपासून तीन फूट पुढे, जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारून ठरवली, म्हणजे सावल्या चादरीवर पडणार नाहीत. पांढऱ्या फुग्यांमुळे फोन याही वर्षी फसण्याचा धोका होता. म्हणून फोटो काढणाऱ्या मुलांना सांगून ठेवले, की फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचे आणि मगच फोटो काढायचा.

आणि त्या रेघेवर मी आमच्या घरातला लाकडी बाक ठेवला. गेल्या वर्षी तिथे बसायला काही नव्हते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने चकचकीत पडद्यासमोर ताटकळत उभे राहावे, अशीच ती रचना होती, आणि ते मला तेव्हा दिसले नव्हते. बाक ठेवल्यावर फोनही खाली आणावा लागला. उभ्या माणसाने हातात धरलेल्या फोनमधून बसलेल्या माणसाकडे वरून पाहिले जाते, कपाळ मोठे येते आणि मान आखूड येते. आम्ही फोन स्टुलावर पुस्तकांची चळत रचून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका उंच ठेवला.

३१ तारखेला दुपारी चारनंतर, घरातल्या घरात, उरलेले फुगे भरले. उन्हे उतरल्यावर साडेपाचला सगळे गच्चीवर चढवले. हवेचा गारठा वाढत गेला तसे फुगे किंचित आकसले, पण ते आधीच मऊ असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. रात्रभरात पाचच फुटले. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पुरुषमंडळींनी भरिताची वांगी भाजायला घेतली होती आणि त्या धुराचा वास पार कोपऱ्यापर्यंत येत होता. आगीच्या ठिणग्या वाऱ्याने येतील म्हणून वाळकी पऱ्हाटी आणि कागद यांच्यापासून चूल चांगली वीस पावले दूर मांडली होती आणि पाण्याची बादली मधोमध ठेवली होती.

आठ वाजता कोपऱ्यात पहिला फोटो निघाला आणि मग लहान मुलांची रांग लागली. मी बाजूला उभी राहून आईंना शोधत होते. त्या चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांना बोलवावे की नाही, यावर माझे मन दोन्हीकडे होत होते. सगळे कारस्थान मी त्यांच्यासाठी केले होते आणि तरी हात धरून नेले असते, तर ती पुन्हा माझीच हौस झाली असती. मी गेले नाही. साडेनऊच्या सुमारास मी पुऱ्यांचे ताट घेऊन वळले, तेव्हा त्या कोपऱ्यात होत्या. पऱ्हाटीच्या एका फांदीवरचे लहान बोंड सैल होऊन लोंबत होते, ते त्यांना दुरून दिसले होते. त्या वाकून ते नीट पिळून बसवत होत्या. शेजारच्या दोन काकू त्यांच्या मागोमाग आल्या आणि वेचणीचे काही बोलू लागल्या. एकीचे माहेर शिंदखेड्याकडचे, दुसरीचे चोपड्याकडचे. तिघीही बोलता बोलता बाकावर बसल्या. आठवीतल्या त्या मुलीने काही न बोलता पडद्यावर आईंच्या चेहऱ्यावर बोट टेकवले.

त्या फोटोत आई कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. पाच फुग्यांच्या एका बोंडाकडे हात करून त्या शेजारणीला काही सांगत आहेत आणि हाताची पाचही बोटे, पाकळी उपसताना होतात तशी, एकत्र मिटलेली आहेत.

१ जानेवारीला सकाळी सगळे उतरवले. फुगे फोडले नाहीत. फोडलेल्या फुग्याचे तुकडे उडतात आणि रस्त्यावरच्या शेळ्या-गायींच्या पोटात जातात. फुग्याचे रबर झाडापासूनचे असले तरी ते कुजायला फार काळ लागतो. म्हणून प्रत्येकाच्या देठाजवळ कात्रीने बारीक छेद देऊन हवा हळू जाऊ दिली आणि रबर एका पिशवीत गोळा केले. पऱ्हाटीवरची चिकटपट्टी काढून टाकली. भाच्याला शब्द दिला होता, त्यामुळे झाडे त्याच दिवशी जाळायची होती. उरलेली हिरवी, मोठी वांगी चुलीजवळ टोपलीत होतीच. दुपारी त्याच पऱ्हाटीवर ती भाजली. कपाशीच्या काड्यांचा जाळ झर्रकन चढतो आणि वांग्याची साल बघता बघता काळी पडते. आईंनी ती स्वतः उलटीपालटी केली. पातीचा कांदा, हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे घालून केलेले ते भरीत सोळाही घरी वाटीवाटीने गेले.

एक मोठे बोंड तेवढे आईंनी मागून घेतले आणि आपल्या खोलीच्या दाराच्या कडीला अडकवले. हवाच भरलेली असल्यामुळे ते टिकले, पण रोज थोडे थोडे कमी होत गेले. आठवड्याने पाचही फुगे मऊ पडले, त्यांच्यावर बारीक सुरकुत्या आल्या, गोलाई गेली आणि ते एकमेकांवर रेलून कवचाबाहेर किंचित लोंबू लागले. मी ते काढून टाकायला हात वर केला, तेव्हा आई आतून म्हणाल्या, 'ऱ्हाऊ दे. आते दिसस बोंड.'